प्रश्न क्रमांक १४ च्या उत्तराचा फेरविचार होण्याबाबत विनंतीपत्र

नागपूर
दिनांक : १८ सप्टेंबर २०२५

प्रति,
माननीय प्राध्यापक,
व्यवस्थापन विभाग

विषय : ‘व्यवस्थापनाची तत्त्वे’ या विषयाच्या अंतर्गत चाचणीतील प्रश्न क्रमांक १४ च्या उत्तराचा फेरविचार होण्याबाबत.

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

मी बीबीए प्रथम वर्ष, ‘ब’ तुकडीची विद्यार्थिनी आहे. दिनांक ११ सप्टेंबर रोजी झालेल्या वीस गुणांच्या चाचणीची उत्तरसूची आपण मंगळवारी वर्गात वाचून दाखवली. तीत प्रश्न क्रमांक १४ चे उत्तर ‘क’, म्हणजे ‘दिशेची एकता’, असे दिले आहे. माझ्या समजुतीप्रमाणे ते ‘ब’, म्हणजे ‘आदेशाची एकता’, असायला हवे. तास संपत आला होता आणि घाईघाईत शंका विचारणे मला योग्य वाटले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रश्न असा होता : संत्र्यावर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यात पॅकिंग विभागाच्या पर्यवेक्षकाला उत्पादन व्यवस्थापक सकाळी एक सूचना देतात, दुपारी विक्री व्यवस्थापक नेमकी उलट सूचना देतात आणि कोणाचे ऐकावे हे पर्यवेक्षकाला कळत नाही, येथे हेन्री फेयॉल यांच्या कोणत्या तत्त्वाचा भंग झाला आहे?

फेयॉल यांनी १९१६ मध्ये मांडलेल्या चौदा तत्त्वांपैकी ही दोन तत्त्वे नावाने जवळची असल्यामुळे त्यांची गल्लत सहज होते, पण त्यांनी स्वतःच ती वेगळी काढली आहेत. आदेशाची एकता म्हणजे एका कर्मचाऱ्याला एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळणे, तर दिशेची एकता म्हणजे समान उद्दिष्ट असलेल्या कामांच्या गटासाठी एक प्रमुख आणि एक योजना असणे. पहिले तत्त्व माणसाला लागू होते, दुसरे कामांच्या गटाला. आपल्या प्रश्नात योजनेचा किंवा समान उद्दिष्टाचा उल्लेख कुठेच नाही; आहे तो एक पर्यवेक्षक, त्याला मिळालेले दोन परस्परविरोधी आदेश आणि त्यातून झालेला त्याचा गोंधळ.

सर, हा फरक माझ्या मनात पक्का झाला तो आपल्याच तासाला. ऑगस्टमध्ये हा भाग शिकवताना आपण फळ्यावर एक छोटे वर्तुळ काढले होते, त्यावर दोन बाजूंनी येणारे दोन बाण काढले होते आणि त्यातला एक बाण डस्टरने पुसून ‘आता हा माणूस काम करू शकेल’ असे म्हणाला होतात. माझ्या वहीत ती आकृती तशीच आहे आणि तिच्याखाली ‘आदेशाची एकता’ असे लिहिले आहे. परीक्षेत प्रश्न वाचताना मला तीच आकृती दिसली. त्याच आठवड्यात आपण टेलर यांच्या कार्यात्मक नायकत्वाविषयी सांगितले होते, ज्यात एका कामगारावर आठ नायकांची देखरेख असते; फेयॉल यांनी त्या पद्धतीवर आक्षेप घेतला तो आदेशाच्या एकतेला बाध येतो या कारणावरूनच. कामगाराच्या जागी पर्यवेक्षक आणि आठांच्या जागी दोन वरिष्ठ ठेवले, तर प्रश्नातली परिस्थिती त्याच जातीची आहे, असे मला वाटते.

‘क’ मागे काय विचार असेल, हेही मी पडताळून पाहिले. उत्पादन आणि विक्री हे दोन विभाग एका योजनेने चालत नसतील, तर त्यांच्या सूचना एकमेकींना छेद देणारच, म्हणजे मुळात दिशेची एकता नाही, असे म्हणता येईल. दिशेच्या एकतेशिवाय आदेशाची एकता टिकत नाही, हे फेयॉल यांनाही मान्य आहे. मात्र दिशा एक असली म्हणून आदेशही आपोआप एक होत नाहीत, असेही ते सांगतात. दोन्ही व्यवस्थापकांची योजना एक असूनही ते पर्यवेक्षकाला वेगवेगळे आदेश देऊ शकतात. त्यामुळे विभागांतला विसंवाद हे फार तर संभाव्य कारण ठरेल; प्रश्नात प्रत्यक्ष सांगितलेला भंग आदेशाच्या एकतेचाच आहे.

म्हणून नम्र विनंती आहे की, आपण या उत्तराचा फेरविचार करावा आणि आपल्याला पटल्यास ‘ब’ हे उत्तर ग्राह्य धरावे. ज्यांनी ‘क’ लिहिले त्यांचा गुण मात्र कापला जाऊ नये, असे मला मनापासून वाटते, कारण त्यांनी जाहीर झालेल्या सूचीप्रमाणेच उत्तर दिले आहे. माझ्या वाचनात चूक राहिली असेल, तर ती कुठे आहे हे समजून घ्यायलाही मी तितकीच उत्सुक आहे. एका गुणापेक्षा मला याची काळजी अधिक आहे, कारण विद्यापीठाच्या परीक्षेत हा फरक पुन्हा विचारला जाऊ शकतो आणि चुकीची समजूत घेऊन मला तिथे जायचे नाही.

अंतर्गत गुण परीक्षा विभागाकडे पाठवण्यापूर्वी आपल्याला वेळ असेल, तर उद्या मधल्या सुट्टीत मी वही घेऊन स्टाफरूममध्ये येऊ शकते. प्रश्नपत्रिकेची आणि वहीतल्या त्या पानाची छायाप्रत सोबत जोडली आहे.

आपली नम्र विद्यार्थिनी,
अश्विनी
बीबीए प्रथम वर्ष, तुकडी ‘ब’, हजेरी क्रमांक ४७