मांजर हरवली आहे! गोधडी, पांढरी-काळी-नारिंगी मादी, डहाणूकर कॉलनी, कोथरूड. आणून देणाऱ्याला ५,००० रुपये बक्षीस

फोन आणि व्हॉट्सॲप: ५८२२० ४१७३६ (मृणाल). रात्री २ ला दिसली तरी तेव्हाच फोन करा, सकाळपर्यंत थांबू नका प्लीज.

मंगळवारी २१ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी साडेआठच्या सुमारास आमच्या बिल्डिंगच्या खालीच फटाक्यांची मोठी माळ लागली आणि आमची गोधडी घाबरून किचनच्या खिडकीतून पत्र्यावर आणि तिथून मागच्या बोळात पळाली. तेव्हापासून ती घरी आलेली नाही. आम्ही डहाणूकर सर्कलपासून आत गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या पिवळ्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो, गिरणीवाल्या काकांना विचारलं तरी ते वर पाठवतील.

आता ओळखायची कशी ते नीट सांगते, कारण आपल्या भागात तीन रंगांच्या मांजरी बऱ्याच आहेत आणि इस्त्रीच्या टपरीखाली बसते ती मांजर गोधडीसारखीच दिसते पण ती वेगळी आहे (तिचं पूर्ण तोंड काळं आहे). गोधडीचं तोंड मधोमध वाटलेलं आहे, नाकाच्या एका बाजूला नारिंगी आणि दुसऱ्या बाजूला काळं. नारिंगी बाजू तिची डावी, म्हणजे ती तुमच्याकडे तोंड करून बसली असेल तर तुमच्या उजव्या हाताला. हनुवटी पांढरी आहे आणि तिच्यावर तीट लावल्यासारखा एक छोटा काळा ठिपका आहे, तो जेवणाचा डाग नाही, पुसला जात नाही. डोळे पिवळट हिरवे.

पोट आणि छाती पूर्ण पांढरी. पुढचा डावा पाय कोपरापर्यंत पांढरा, उजवा पाय मात्र खाली बोटांपर्यंत नारिंगी आहे आणि त्यात काळे पट्टे आहेत. पाठीवर तीन मोठे काळे डाग, त्यातला शेपटीजवळचा सगळ्यात मोठा. लांबून बघणाऱ्यांसाठी सगळ्यात सोपी खूण म्हणजे शेपटी: काळी आहे, आखूड आहे, आणि टोकाला वाकडी गाठ आहे. ही गाठ जन्मापासून आहे, मार लागलेला नाही, त्यामुळे ती सरळ करायला जाऊ नका. डाव्या कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं आहे, ती नसबंदीची खूण आहे, जखम नाही. वय ४ वर्षं, वजन साडेतीन किलोच्या आसपास, म्हणजे बारीकच आहे, आणि आवाज मोठा नाही, घसा बसल्यासारखा घोगरा आहे. तुम्ही पाहिलेला जर बोका असेल तर ती आमची नाही, तीन रंगांची मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते.

कॉलर: मेंदी रंगाची कापडी कॉलर, त्यावर पांढरे छोटे ठिपके, एक पितळी घुंगरू आणि गोल स्टीलचा बिल्ला. बिल्ल्यावर एका बाजूला "गोधडी" आणि दुसऱ्या बाजूला वरचाच फोन नंबर कोरलेला आहे, शेवटचे आकडे ७३६. पण कॉलर नाही म्हणजे ही गोधडी नाही असं समजू नका!! ही कॉलर कशात अडकली तर आपोआप सुटते, मांजराला फास बसू नये म्हणून तशीच घेतली होती, त्यामुळे ती कुठे तरी गळून पडली असण्याची शक्यता खूप आहे. नुसती कॉलर सापडली तरी आम्हाला हवी आहे, जिथे सापडली ती जागा सांगा, तिथून पुढे शोधता येईल.

ती कुठे असेल? घाबरलेली घरातली मांजर सहसा फार लांब जात नाही, जवळच कुठे तरी सांदीत शिरून गप्प बसते आणि ओळखीच्या माणसाने हाक मारली तरी ओ देत नाही. म्हणून तुम्हाला आवाज आला नाही म्हणजे ती तिथे नाही असं नसतं. सगळ्यांना हात जोडून विनंती आहे की आपापल्या बिल्डिंगमधली मीटर रूम, पंपाची खोली, जिन्याखालची जागा, गच्चीवरच्या टाकीमागे, पार्किंगमधल्या झाकलेल्या गाड्यांखाली आणि बाल्कनीतल्या जुन्या सामानामागे एकदा बघा. बघताना टॉर्च घ्या आणि तो स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा, अंधारात मांजराचे डोळे लगेच चमकतात. आणि दिवाळीला गावी जाताना ज्यांनी गॅरेज, दुकान किंवा स्टोअर रूम बंद केली आहे त्यांनी प्लीज आम्हाला कळवा, किल्ली कोणाकडे असेल तर आम्ही तुमच्या माणसासमोर उघडून बघू आणि लगेच बंद करू, कारण दार ओढून घेताना मांजर आत शिरलेली कुणाच्या लक्षात येत नाही आणि मग ती पाण्याशिवाय आत अडकते. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारा, थंडी वाढली की मांजरी इंजिनपाशी ऊब घ्यायला जाऊन बसतात.

दिसली तर पकडायला धावू नका. ती अनोळखी माणसाच्या अंगावर येत नाही पण पाठलाग केला तर रस्त्यावर पळेल, आणि त्या वेळी गांधी भवनच्या रस्त्याला ट्रॅफिक असलं तर काय होईल सांगता येत नाही. लांबूनच एक फोटो किंवा व्हिडिओ काढा, कुठल्या बिल्डिंगजवळ आणि किती वाजता ते लिहून पाठवा, शक्य असेल तर आम्ही येईपर्यंत तिच्यावर नजर ठेवा. आम्ही दहा मिनिटांत पोचतो. मुलांनो, तुम्ही खूप शोधताय त्याबद्दल थँक्यू, पण पत्र्यावर किंवा कंपाउंडच्या भिंतीवर चढू नका, नुसतं मोठ्या माणसाला सांगा.

तुमच्या घरात शिरली असेल किंवा तुम्ही मायेने ठेवून घेतली असेल तर फार चांगलं केलंत. एका खोलीत दार-खिडक्या बंद करून ठेवा, एक वाटी पाणी ठेवा आणि आम्हाला फोन करा. तिच्या हिरड्यांना सूज आहे, त्यामुळे कडक दाणे ती खात नाही, उकडलेल्या चिकनचे मऊ तुकडे किंवा उकडलेला मासा काटे काढून चालतो, मीठ-मसाला नको. दूध देऊ नका, जुलाब होतात. तोंडातून लाळ येताना दिसली तर ती हिरड्यांमुळे येते, घाबरू नका पण लगेच कळवा, तिचं औषध चालू होतं आणि ते चुकतंय. मांजर काही दिवस पोटात अन्न गेल्याशिवाय राहिली तर तिच्या लिव्हरला त्रास होतो, म्हणूनच ही सगळी घाई आहे. लागलेलं असेल, लंगडत असेल तरी घरातली कुठलीच गोळी देऊ नका, विशेषतः पॅरासिटामॉल तर अजिबात नाही, माणसाला चालणारी ती गोळी मांजरासाठी विष आहे. डॉक्टरांकडे न्यावं लागलं तर जवळच्या कुठल्याही प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या, रिक्षा आणि डॉक्टर दोन्हीचा सगळा खर्च आमचा.

तिची रेबीजची लस वेळेवर झालेली आहे आणि महापालिकेचं लायसन्सही आहे, दोन्हीचे कागद दाखवू. तरीही चुकून ओरखडा किंवा चावा लागलाच तर पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा, तोही खर्च आम्हीच देऊ.

बक्षिसाबद्दल स्पष्ट लिहिते म्हणजे नंतर कुणाला वाईट वाटायला नको. गोधडी जिवंत आमच्या हातात देणाऱ्याला किंवा तिच्यापर्यंत आम्हाला घेऊन जाणाऱ्याला ५,००० रुपये, त्याच वेळी, रोख किंवा यूपीआय, जसं तुम्हाला हवं तसं. तुमच्या फोटोवरून किंवा माहितीवरून ती नंतर सापडली तर १,००० रुपये. हे वॉचमन काका, कचरा घ्यायला येणाऱ्या ताई, दूध-पेपर टाकणारी मुलं, डिलिव्हरीवाले सगळ्यांना लागू आहे, पहाटे आणि रात्री तुम्हीच बाहेर असता म्हणून तुमच्यावर आमची सगळ्यात जास्त भिस्त आहे. ती कुठे होती, कोणाकडे होती, इतके दिवस का नाही सांगितलं असा एकही प्रश्न विचारणार नाही. पण आधी पैसे पाठवा मग मांजर आणतो असं सांगणाऱ्याला पैसे मिळणार नाहीत, तिची एक खूण आम्ही मुद्दाम या कागदावर लिहिलेली नाही आणि फोनवर आधी तीच विचारू, खरंच तिला बघितलेल्या माणसाला ती लगेच सांगता येईल. आणि तुमचा अंदाज चुकला, भलतीच मांजर निघाली तरी आम्ही यायला तयार आहोत, दहा चुकीचे फोन आले तरी चालतील.

एक लिहायला जड जातंय पण लिहिते. रस्त्याच्या कडेला वर वर्णन केल्यासारखी मांजर मेलेली दिसली तर तेही कळवा, तिला तसंच उचलून नेऊ देऊ नका. शेपटीचं टोक आणि हनुवटीचा ठिपका तेवढा बघून सांगितलंत तरी पुरे. आईला आणि मला काय झालं ते कळायला हवं, या फोनसाठीही आम्ही तुमचे आभारीच असू.

हा मेसेज मयूर कॉलनी, गांधी भवन आणि कर्वेनगरच्या बाजूच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फोटोसकट पुढे पाठवा, फोटो काढून टाकू नका, आणि वरची तारीख तशीच ठेवा. ती सापडली की मी स्वतः सगळ्या ग्रुपवर सांगेन आणि लिफ्टमधले, गेटवरचे, दुधाच्या दुकानातले सगळे कागद काढून नेईन, तोपर्यंत कृपया कुणी फाडू नका. पावसाने किंवा कुणाच्या हाताने खराब झाला असेल तर फोन करा, नवीन आणून लावते.

मृणाल (आणि आई), गिरणीच्या वर, दुसरा मजला
५८२२० ४१७३६