एबीजी कसा वाचायचा: एकच कागद, पायरीपायरीने

काल राउंडला सरांनी एबीजीचा कागद तुझ्या हातात दिला आणि तू ‘मेटाबॉलिक ॲसिडोसिस, सर’ एवढं म्हणून गप्प झालास. उत्तर चुकीचं नव्हतं, अर्धं होतं. उरलेलं अर्धं त्याच कागदावरून काढू.

मुलगी 22 वर्षांची, टाइप वन डायबेटिस, हॉस्टेलवर राहणारी. दोन दिवस उलट्या, पोटात काही ठरेना, आणि ‘जेवतच नाही तर इन्सुलिन कशाला’ म्हणून तेही बंद. कॅज्युअल्टीत आली तेव्हा, ऑक्सिजन न लावता:

```
pH 7.30   PaCO2 29   PaO2 96   HCO3 14
Na 134    K 3.2      Cl 84     Albumin 4.0
```

आधी नमुन्यावर विश्वास ठेवायचा का ते ठरव. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की पीसीओटू खोटाच कमी दिसतो. नमुना तासभर ट्रेमध्ये पडून राहिला तर पेशी ऑक्सिजन खात बसतात. मग आकडे एकमेकांशी जुळतात का बघ: `H = 24 × PaCO2 / HCO3`, म्हणजे 24 × 29 / 14, जवळपास 50. पीएच 7.20 ते 7.50 मध्ये असेल तर 80 मधून दशांशानंतरचे दोन अंक वजा कर: 80 − 30 = 50. जुळलं. पुढे चल.

पीएच 7.35 च्या खाली, म्हणजे ॲसिडीमिया. गुन्हेगार कोण? बायकार्ब 24 वरून 14 वर आलाय, तो पीएच खाली ओढतो. पीसीओटू 40 वरून 29 वर, तो पीएच वर ढकलतो. म्हणजे दोष बायकार्बचा, फुप्फुसं सावरायला धावलीयत. इथपर्यंत तू आला होतास.

आता खरा प्रश्न: फुप्फुसं पुरेशी धावलीयत का? `1.5 × HCO3 + 8 ± 2` मध्ये 14 घाल. अपेक्षित पीसीओटू 29 येतो, कागदावरही 29. म्हणजे श्वासाची बाजू ठीक. मूळ दोष श्वासाचा असेल तेव्हा हिशेब वेगळा: पीसीओटू 10 ने चढला तर बायकार्ब अचानकच्या आजारात साधारण 1 ने वाढतो, जुनाटात 4 ने. जुन्या सीओपीडीच्या आजोबांचा पीसीओटू 60 बघून घाबरण्याआधी हे आठव.

मग ॲनायन गॅप: 134 − 84 − 14 = 36. नेहमीचा धर 12. (अल्ब्युमिन 4 च्या खाली असेल तर प्रत्येक एकामागे गॅपमध्ये 2.5 मिळव. वॉर्डातले निम्मे लपलेले गॅप इथेच सापडतात, असं माझं मत.) गॅप 24 ने वाढला. तेवढी आम्लं आली असतील तर बायकार्बही साधारण तेवढाच पडायला हवा होता. पडला फक्त 10 ने. बाकीचा कुठून आला? तिच्या पोटातून. दोन दिवसांच्या उलट्यांत हायड्रोक्लोरिक ॲसिड बाहेर गेलं, बायकार्ब आधीच चढून बसला होता, आणि वरून कीटोन्सनी तो खाल्ला. क्लोराइड 84 हेच सांगतोय. म्हणजे कीटोॲसिडोसिस आणि मेटाबॉलिक अल्कलोसिस एकाच कागदावर, आणि पीएच 7.30 बघून वाटतं की प्रकरण हलकं आहे.

पोटॅशियम बघितलंस? या आजारात ते पेशींतून रक्तात सरकतं, तरी 3.2. म्हणजे शरीरात आणखी कमी. इन्सुलिन ते पुन्हा पेशींत ढकलणार, म्हणून 3.5 च्या खाली असताना आधी पोटॅशियम, इन्सुलिन थांबेल.

ऑक्सिजनचं एक पुणेरी प्रकरण. फुप्फुसातला ऑक्सिजन काढायच्या सूत्रातलं 760 हे समुद्रकाठच्या हवेच्या दाबाचं आहे. आपण साधारण 560 मीटरवर, इथला हवेचा दाब 710 च्या आसपास. `0.21 × (710 − 47) − 29/0.8` म्हणजे 103. त्यातून रक्तातले 96 गेले, फरक 7. वय भागिले 4 अधिक 4 या हिशेबाने तिला साडेनऊपर्यंत चालतो. तेच 760 घातलंस तर फरक 17 येतो आणि तू धडधाकट फुप्फुसांचा सीटी मागवतोस.

आता समज, पहाटे चारला पुन्हा नमुना घेतला. बायकार्ब 14 च, पण पीसीओटू 40, पीएच 7.16. चाळीसला मशीन लाल खूण करणार नाही, कारण तो ‘नॉर्मल’ आहे. पण तिला लागतो 29. ती श्वास घेऊन घेऊन दमलीय. अशा वेळी गॅप मोजत बसायचं नाही. आधी पलंगाजवळ जा, श्वास मोज, आणि तिथूनच आयसीयूला फोन लाव.