रुस्तम आजोबांचं पत्र, २० आबान १३३५

दादा, ताई आणि पुण्या-मुंबईला पांगलेली सगळी पोरं,

गल्ल्याखालच्या लोखंडी पेटीत, हिशेबाच्या वह्यांत घडी घातलेला तो फारसी कागद एकदाचा मराठीत आणला. २० आबान १३३५ म्हणजे ११ नोव्हेंबर १९५६. हा मसुदा आहे. आजोबा आधी कच्चं लिहीत, मग पक्कं. त्यामुळे खोडाखोड आहे, आणि ती मी ठेवली आहे. आजोबांनी इराणातल्या यझदच्या भावाच्या तोंडावर बाग फेकली आणि संबंध तोडला, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. आता वाचा.

फारसी आजोबांनीच पाटीवर शिकवली तेवढी येते. अडलं तिथे माधवराव पटवर्धनांचा, म्हणजे कवी माधव ज्युलियनांचा, १९२५ सालचा फारसी-मराठी कोश काढला. मोठ्या भावाला ते 'खान-दादाश' म्हणतात, ते तसंच राहू दिलं. 'कुर्बानत गर्दम' शब्दाला शब्द घेतलं तर 'तुझ्यासाठी बळी जावो' असं होतं, आणि भाऊ भावाला असं का लिहितो म्हणून तुम्ही घाबराल. आई आपल्याला 'जीव ओवाळून टाकते' म्हणायची, ते हेच. 'वकालतनामा', 'अर्ज', 'हकीकत' यांचं काय करायचं हा प्रश्नच नव्हता, ते आपल्याकडे कधीचे राहायला आलेत.

*

ईश्वराच्या नावाने.

परमपूज्य, घराचा आधार, आम्हा धाकट्यांच्या माथ्यावरचं छत्र, खान-दादाश यांस,

आपल्यावरून जीव ओवाळून टाकतो. आपल्या कृपापत्राचं दर्शन झालं. ते डोळ्यांना लावलं, मग उघडलं. या क्षुद्राची विचारपूस करण्याची तसदी आपण घेतलीत, त्या उपकाराची फेड या पायधुळीकडून कशी व्हावी? इथली हकीकत विचाराल तर ईश्वरकृपेने सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. दुःख म्हणाल तर एकच, की आपण दूर आहात.

[हा सगळा मायना. प्रत्येक पत्रात असाच असे, जसं आपल्याकडे 'येथील कुशल जाणून स्वकुशल लिहीत असावे'. पण 'डोळ्यांना लावलं, मग उघडलं' हे मायन्यातलं नाही. तेवढं त्यांचं स्वतःचं आहे.]

अर्ज असा की, गेल्या महिनाभरात या शहरात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. पहिली आपल्याला सांगितलीच पाहिजे. दसऱ्याच्या दिवशी डॉक्टर आंबेडकर नावाच्या थोर विद्वानाने व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानावर बुद्धाचा धर्म स्वीकारला, आणि त्यांच्यामागून लाखो माणसांनी. खेड्यापाड्यांतून लोक पायी आले. सगळे पांढऱ्या कपड्यांत, जणू आपल्या अग्यारीत निघालेत. मी दुकान दोन रात्री बंद केलं नाही. दूध संपलं, मग साखर संपली, मग कोरा चहा दिला. एक म्हातारा पायरीशी उभा राहून विचारू लागला, "माझ्यासाठी पेला बाहेर ठेवला आहे का?" मी म्हटलं, बाबा, इथे पेले एकाच फळीवर असतात, आत या. तो आत आला, पण बसायला त्याला वेळ लागला. खान-दादाश, यझदच्या बाजारात आपल्या आजोबांना फळाला हात लावू देत नसत, लांबून बोट दाखवून घ्यावं लागे, हे त्या वेळी मला आठवलं. त्याचे पैसे मी घेतले नाहीत. तो द्यायला लागला तेव्हा रागावलोसुद्धा.

दुसरी गोष्ट धंद्याची. १ नोव्हेंबरपासून नागपूर राजधानी राहिलं नाही. आता सरकार मुंबईत. कचेरीतले कारकून कोणी मुंबईला, कोणी भोपाळला चालले आहेत. सकाळी अकराला माझी जी चार टेबलं भरत, ती आता रिकामी असतात. चहाची उधारी वहीत राहिली आणि माणसं गाडीत बसली. तक्रार नाही. आपल्या मिठावर वाढलेल्याला तक्रार शोभत नाही.

बाजारात संत्री आली आहेत. इथल्या लोकांना त्यांचा फार अभिमान. मीही त्यांच्यासोबत खातो आणि वाहवा म्हणतो. आपली जागा रिकामी होती. पण जीभ तफ्तच्या डाळिंबाचीच वाट पाहते, हे इथे कोणाला सांगत नाही.

आता आपल्या आज्ञेविषयी. तफ्तची बाग आणि जमिनीखालच्या कनात-कालव्याच्या पाण्यातली आपली पाळी विकण्यासाठी वकालतनामा पाठवावा, अशी आपण आज्ञा केलीत. आपली आज्ञा माझ्या डोळ्यांवर. आपण म्हणाल तर मान कापून तबकात ठेवीन.

[इथे अडीच ओळी खोडल्या आहेत, पण शाई फिकट झाल्याने खालचं वाचता येतं: "आई गेली तेव्हा मला तार केली नाहीत. आता कागदावर सही हवी म्हणून पत्र आलं." खोडून त्यांनी पुढचं लिहिलं.]

आपण वडीलकीच्या नात्याने जे करता त्यात आमचं कल्याणच असतं, याविषयी या दासाच्या मनात कधी किंतु आला नाही. फक्त एवढीच विनवणी, की दासाचा हात कागदावर चालत नाही. पाण्याच्या पाळीला तांब्याचं भोकाचं भांडं हौदात सोडायचं आणि ते बुडेपर्यंत पाणी आपलं, हे मी नऊ वर्षांचा असताना आईशेजारी बसून मोजलेलं आहे. ते भांडं विकायला मी कोण? माझा वाटा, जमीन आणि पाणी दोन्ही, मी आपल्या हमशीरेच्या नावे करतो. ती विधवा आहे, दोन लेकरं आहेत, आणि झाडांना पाणी तीच देते. तिच्या नावाचा कागद मुंबईहून साक्षीदारांच्या सह्यांसह वेगळा पाठवत आहे. आपल्या थोर मनाला हे आवडेल याची मला खात्री आहे.

['हमशीरा' म्हणजे बहीण. शब्दात 'शीर', म्हणजे दूध, आहे: एकाच दुधावर वाढलेली. एरवी ते तिला नुसतं गोहर म्हणतात. या एकाच ठिकाणी हा शब्द वापरला आहे. शेवटच्या वाक्यातला आदर किती धारदार आहे, हे मराठीत पुरतं उतरवता आलं नाही.]

वहिनीसाहेबांच्या हातांचं चुंबन. मुलांचे डोळे चुंबतो. गोहरला सांगावं, की माझी धाकटी आता मराठी शाळेत जाते आणि मला वर्तमानपत्र वाचून दाखवते.

याहून जास्त लिहिणं म्हणजे आगळीक होईल. आपली सावली आमच्या माथ्यावरून कमी न होवो. दिवस आपल्या मनाजोगे जावोत.

आपल्या पायांची धूळ,
रुस्तम

[समासात, कागद आडवा धरून, घाईच्या अक्षरात:]

सामोवाराच्या तोटीची चावी झिजली आहे, गळते. इथे मिळत नाही. कोणी इकडे येणारं असेल तर त्याच्या हाती पाठवा. जुनी चालेल.