कर्वेनगर, पुणे : कॉलेजच्या मुलींसाठी घरगुती पेइंग गेस्ट, दोन जागा रिकाम्या (आईबाबांनी जरूर वाचावं)

नमस्कार,

कर्वेनगरला आमच्या राहत्या घरात गेली नऊ वर्षं मी बाहेरगावच्या मुली ठेवते. दोन खोल्यांत मिळून पाचच मुली, त्याहून जास्त कधी घेत नाही. दोघींच्या खोलीत एक आणि तिघींच्या खोलीत एक अशा दोन जागा १ ऑगस्टपासून रिकाम्या आहेत. सध्याच्या तिघी लातूर, जळगाव आणि चिपळूणच्या आहेत. दोघी इंजिनिअरिंगला, एक बी.कॉम.ला.

कमिन्स कॉलेज घरापासून चालत दहा-बारा मिनिटांवर आहे. फर्ग्युसनला किंवा गरवारेला जायचं असेल तर डेक्कनची बस धरावी लागते. सकाळच्या गर्दीत पाऊण तास हाताशी ठेवा. वाघोली किंवा आकुर्डीच्या कॉलेजला प्रवेश मिळाला असेल तर आमचं घर तिला सोयीचं नाही, तिकडेच जवळपास बघा.

जेवणाचं आधी सांगते, कारण फोनवर प्रत्येक आई पहिला प्रश्न तोच विचारते. स्वयंपाक मी स्वतः करते, पोळ्यांना मावशी येतात. सकाळी साडेसातला चहा किंवा दूध आणि नाश्ता : पोहे, उपमा, थालीपीठ, धिरडी, कधी फोडणीची पोळी. साडेआठपर्यंत डबा भरून तयार असतो, त्यात तीन पोळ्या, भाजी आणि कोशिंबीर किंवा काकडी-गाजर. रात्री आठ ते साडेनऊ पूर्ण जेवण, आमटी-भातासकट. आठवड्यातून दोनदा भाकरी. पोळी, भात, आमटी मोजून वाढत नाही. प्रॅक्टिकल लांबलं तर ताट झाकून ठेवते, आल्यावर आमटी गरम करून घ्यायची. उपवास असेल तर आदल्या रात्री सांगावं, म्हणजे साबुदाणा भिजत घालता येतो.

घरात मांसाहार शिजत नाही. अंडं चालतं, बुधवारी अंडाकरी असते. बाहेर जाऊन काय खायचं ते ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीप्रमाणे, त्यावर माझं काही म्हणणं नसतं.

आमच्या आमटीत गूळ असतो. खानदेशातल्या, विदर्भातल्या मुलींना पहिले पंधरा दिवस ती गोड लागते. त्यासाठी ओट्याशेजारच्या फळीवर प्रत्येकीची एक बरणी ठेवली आहे, झाकणावर चिकटपट्टीने नाव. जळगावच्या मुलीच्या बरणीत तिच्या आजीचा काळा मसाला आहे. तिची आमटी मी गूळ घालण्याआधी वेगळ्या पातेलीत काढते आणि त्या मसाल्याची फोडणी देते. तुम्हीही सोडायला याल तेव्हा घरचा मसाला, चटणी, लोणचं बरोबर आणा. आणि मुलीला काय खाल्लेलं सोसत नाही, शेंगदाणा म्हणा, वांगं म्हणा, ते पहिल्याच दिवशी लिहून द्या.

जेवणाबद्दल मी इतकं लिहिते याला कारण आहे. माझी मुलगी शिकायला परगावी पी.जी.त होती. तिथे रविवारी संध्याकाळी खाणावळ बंद असायची, हे आम्हाला प्रवेश घेताना कोणी सांगितलं नव्हतं. आई काळजी करेल म्हणून तीही बोलली नाही. दिवाळीला आली तेव्हा ड्रेस अंगावर लोंबत होता. निघताना रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिटही जवळपास सगळं कापून घेतलं. तेव्हा ठरवलं, आपल्याकडे कुणाची मुलगी राहिली तर रविवारची चूल बंद राहणार नाही आणि पैशाची प्रत्येक गोष्ट आधी कागदावर असेल.

तर पैशाचं स्पष्ट :

दोघींची खोली, प्रत्येकी महिना ११,००० रुपये. तिघींची खोली, प्रत्येकी ९,५०० रुपये. यात नाश्ता, डबा, रात्रीचं जेवण, वीज, पाणी, वायफाय, वॉशिंग मशीन आणि खोलीची झाडलोट सगळं आलं. डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्याइतकं. भाडं ५ तारखेपर्यंत. वर्षाच्या मध्येच भाडं वाढवत नाही, पुढच्या जूनमध्ये ५०० रुपये वाढेल.

सलग सात दिवसांहून जास्त दिवस घरी गेली तर जेवणाचे दिवसाला १०० रुपये वजा होतात. दिवाळीत बारा दिवस गेली, तर पुढच्या महिन्यात १,२०० रुपये कमी द्यायचे. सोडायचं असेल तर एक महिना आधी सांगा. डिपॉझिट खोली रिकामी केली त्याच दिवशी परत मिळेल. मोडतोड झाली असेल तर दुरुस्तीची पावती दाखवून तेवढेच कापेन. रंगाचे पैसे घेत नाही.

करार अकरा महिन्यांचा, रीतसर नोंदणी करून. खर्च निम्मा आमचा, निम्मा तुमचा. पोलिसांकडे भाडेकरू म्हणून नोंद मी करते, त्यासाठी मुलीचं आधार, फोटो आणि कॉलेजच्या प्रवेशाची पावती लागेल. दुसरीकडे कुठे जागा बघत असाल आणि मालक करार नको म्हणत असेल, तर तिथे मुलीला ठेवू नका. उद्या काही वाद झाला तर तुमच्या हातात एक कागदही नसतो.

सुरक्षेचं म्हणाल तर दुसरा मजला, खिडक्यांना ग्रिल, बाहेर लोखंडी सेफ्टी दरवाजा. कॅमेरे सोसायटीच्या गेटवर आणि जिन्यात आहेत, घरात एकही नाही आणि बसवणारही नाही. वॉचमन फक्त रात्री असतो. घरात मी, माझे यजमान आणि सासूबाई. मुलींच्या खोल्या आणि बाथरूम आतल्या बाजूला, त्या भागात यजमान जात नाहीत. प्लंबर-इलेक्ट्रिशियन मी घरी असतानाच येतो. मुलींचे मित्र, भाऊ, अगदी वडीलसुद्धा बाहेरच्या हॉलमध्ये बसतात. आईला मात्र एक रात्र मुलीजवळ राहता येईल, त्याचे पैसे नाहीत.

रात्री दहापर्यंत घरी. कॉलेजचं गॅदरिंग, प्रोजेक्ट, गणपतीचे दिवस असले तर आधी सांगून उशीर चालतो, पण कुणाबरोबर आणि कशाने येणार हे मला माहीत हवं. न सांगता दहा वाजून गेले तर मी आधी मुलीला फोन करते, तिने नाही उचलला तर लगेच तुम्हाला. मुलगी आजारी पडली तर चौकातल्या डॉक्टरीणबाईंकडे मी स्वतः नेते आणि तिथूनच तुमचं त्यांच्याशी बोलणं करून देते. मागच्या पावसाळ्यात एकीला डेंग्यू झाला. तिची आई बसने पोचेपर्यंत दवाखान्यात मी तिच्याजवळ होते.

आता काय नाही तेही ऐका. ए.सी. नाही. गाडी लावायला एकाच स्कूटरची जागा आहे आणि ती भरलेली आहे. गुरुवारी पाणी बंद असेल तर टाकीतलं जपून वापरावं लागतं. सोलरचं पाणी पावसाळ्यात कोमटच येतं, तेव्हा गीझर सकाळी सहा ते आठ. आणि सासूबाईंची झोप हलकी, म्हणून अकरानंतर फोनवर बोलायचं ते खोलीचं दार लावून, हळू आवाजात.

बघायला या तेव्हा मुलीला बरोबर आणाच. शनिवारी किंवा रविवारी सकाळी अकराला आलात तर सगळ्यांबरोबर दोन घास जेवून जा, म्हणजे आमटी कळेल. मी स्वयंपाकघरात असताना राहणाऱ्या मुलींशी तुम्ही एकटेच बोला, हवं ते विचारा. जागा राखून ठेवायला २,००० रुपये, ते पहिल्या भाड्यात वळते होतात. घर न बघता कोणाकडून पैसे घेत नाही.

मेसेजमध्ये गाव, कॉलेज आणि मुलीचं वर्ष लिहा. दुपारी दोन ते चारमध्ये मीच फोन करेन.

सुनीताकाकू, कर्वेनगर