मसाल्याच्या तीन पाकिटांबद्दल, छपाईचे सिलिंडर कोरायच्या आधी

मंदाताई, नमस्कार.

तिखट, हळद आणि काळा मसाला, तिन्ही नमुना पाकिटं परवा मिळाली. छपाईवाल्यानं पाठवलेलं डिझाइन मी आधी मोबाइलवर पाहिलं होतं. तेव्हा "छान आहे" असं मीच म्हटलं होतं, ते आता मागे घेतो. गिऱ्हाईक काही आपलं पाकीट मोबाइलवर मोठं करून पाहणार नाही.

काल हिंगणघाटात ओळखीच्या किराणा दुकानात गेलो आणि तिन्ही पाकिटं दुकानदाराच्या मागच्या तारेवर चिमट्यानं लटकवली. शेजारी शाम्पूच्या लडी, बिस्किटाचे पुडे, डोक्यावर ट्यूबलाइट. मग ओट्याबाहेर उभा राहिलो, गिऱ्हाईक उभं राहतं तिथंच. मधे सहा-सात फूट अंतर. तिथून तिन्ही पाकिटं सारखीच लाल-मरून दिसतात. सोनेरी वळणदार अक्षरातलं तुमच्या बचत गटाचं नाव ट्यूबलाइटच्या चकाकीत विरघळतं, आणि "हळद" हा शब्द तर खालच्या कोपऱ्यात, शेतात हळद काढणाऱ्या बाईच्या लुगड्यावर छापलाय. तेवढ्यात एक म्हाताऱ्या मावशी आल्या. काळ्या मसाल्याकडे बोट करून म्हणाल्या, "भाऊ, ते तिखट दे ना." दुकानदारानं दिलं. मावशींनी पाकीट हातात घेऊन चाचपलं, उलटं करून पाह्यलं आणि म्हणाल्या, "हे तं मसाला हाय, तिखट कुटं हाय?" तुमचं तिखट तिथंच शेजारी लटकत होतं.

तेव्हा पहिली गोष्ट रंगाची. हळदीचं पाकीट पिवळं, तिखटाचं लाल, मसाल्याचं गडद तपकिरी करा. यात नवीन काही नाही हे मला ठाऊक आहे, पण स्वयंपाकघरात बाई डबा उघडायच्या आधी रंगच ओळखते. गटाची ओळख रंगानं नको, वरच्या पांढऱ्या पट्टीनं राहू द्या. तिन्हींवर तीच पट्टी, त्याच जागी. पदार्थाचं नाव त्या पट्टीच्या लगेच खाली, जाड सरळ अक्षरात. लटकवलेल्या पाकिटाचा वरचा अर्धा भागच दिसतो, खालचा अर्धा पुढच्या पाकिटामागे झाकला जातो. समुद्रपूरच्या आठवडी बाजारात ताडपत्रीवर आडवं ठेवलं तरी ही मांडणी चालते. आणि अडकवायचं भोक आत्ता नावातल्या रफारावरून गेलंय, ते पट्टीच्या वर घ्या.

तिखटाच्या पाकिटाची पारदर्शक खिडकी मला पटत नाही. लाल रंग दाखवायचा मोह समजतो, पण दुकानात उन्हाची तिरीप पडली की तिखटाचा रंग उडतो. मग तीच खिडकी आपल्याविरुद्ध साक्ष देते. ठेवायचीच असेल तर खाली, बोटभर रुंद.

आता पुढच्या बाजूचा क्रम. पदार्थाचं नाव, शाकाहारी चिन्ह आणि निव्वळ वजन या तीन गोष्टी कायद्यानं समोर लागतातच. चिन्ह नावाजवळ हवं, आणि दिसायलाही हवं. आत्ता हिरवा ठिपका कोथिंबिरीच्या पानांवर छापलाय. शोधायला मलाच वेळ लागला, अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला लागला तर? पांढऱ्या पट्टीवर घ्या. "आईच्या हातची चव", "गावरान स्वाद", "घरगुती दर्जा" यापैकी एकच ओळ ठेवा. माझ्या मते एकही नको. त्यापेक्षा "भिवापुरी मिरची" हे शब्द, जे तुम्ही मागे बारीक अक्षरात टाकलेत, ते नागपूर-वर्ध्याकडचं गिऱ्हाईक थांबवतील. मात्र भिवापुरी मिरची आणि वायगाव हळद, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. ते नाव आणि मानांकनाचं चिन्ह अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेल्यानंच वापरायचं असतं. हळदीवर तुम्ही चिन्ह छापूनही टाकलंय. नोंदणी झाली असेल तर उत्तम, नसेल तर आत्ता काढा, नोंदणी झाल्यावर पुन्हा टाकू.

"शुद्ध" शब्दाचंही तेच. निव्वळ हळदीवर चालेल, कारण त्यात दुसरं काही नाही. काळ्या मसाल्यात मीठ, तेल, हिंग आणि पंधरा जिनसा आहेत, तिथं "१००% शुद्ध" काढून टाका.

खरा घोळ मागच्या बाजूला आहे. तुमच्या छपाईवाल्यानं पुढची बाजू मन लावून केली आणि उरलेल्या जागेत कायदा कोंबला. मजकूर सगळा मराठीत आहे, वाचायला मला आवडलं, पण सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावीच लागते. मराठी तिच्या जोडीला चालते, तिच्या जागी नाही. म्हणजे मजकूर जवळपास दुप्पट होणार. म्हणून मागची बाजू आधी मांडा, पुढची नंतर. पाककृती आणि गटाचा इतिहास यांतलं एक जाऊ द्या. मी इतिहास काढीन. तुम्हाला वाईट वाटेल, पण तो प्रदर्शनातल्या फलकावर जास्त वाचला जाईल.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लागते. तुमच्या काळ्या मसाल्याच्या यादीत सुरुवात वेलदोडा, दालचिनी, जायपत्रीपासून, आणि धने शेवटून तिसरे. वेलदोडा इतका असता तर पाकीट ४५ रुपयांत परवडलं असतं का? धने, मिरची, खोबरं अशी खरी उतरंड लिहा. आणखी एक: दुकानातल्या हिंगात बहुतेकदा मैदा असतो. तुमच्या हिंगाच्या डबीवर गहू किंवा मैदा असेल तर आपल्याही पाकिटावर "गहू आहे" असं वेगळं सांगावं लागेल.

सीलचा पट्टाही पाहा. परवाना क्रमांकाचे १४ आकडे आहेत, पण कडेच्या सीलखाली शेवटचे तीन गेलेत. कडेपासून एक सेंटिमीटर आत काहीही छापायचं नाही, हे छपाईवाल्याला लिहून द्या. तोंडी सांगितलेलं तो विसरतो, माझा अनुभव आहे.

बॅच, पॅकिंगची तारीख, वापराची मुदत आणि किंमत यांच्यासाठी चार बाय दोन सेंटिमीटरचा पांढरा, चकाकी नसलेला चौकोन सोडा. आत्ता शिक्का मरून रंगावर पडतो. मी ओल्या बोटानं घासला तर तारीख पुसली गेली. किंमत सिलिंडरमध्ये कोरूच नका. मिरची महागली की जुन्या किमतीवर वाढीव किमतीचं स्टिकर लावता येत नाही, पाकिटं पडून राहतील. किमतीशेजारी "सर्व करांसहित" आणि एका ग्रॅमची किंमत, म्हणजे ४५ रुपयांच्या १०० ग्रॅम पाकिटावर ₹०.४५ प्रति ग्रॅम, तेही त्याच चौकोनात बसवा. तक्रारीसाठीचा फोन आणि ईमेल पत्त्याखाली टाका. फोन आहे, ईमेल राहून गेलाय.

पोषणमूल्यांचा तक्ता ठीक आहे, फक्त काळ्यावर पांढरा नको, पांढऱ्यावर काळा.

नवा नमुना आला की मोबाइलवर पाठवू नका. साध्या कागदावर खऱ्या मापात छापून, कापून, जुन्या पाकिटावर चिकटवून गुरुवारच्या एसटीनं कंडक्टरकडे द्या. मी त्याच तारेवर लटकवतो. मावशी दर शनिवारी येतात म्हणे.