पहिल्या प्रश्नाआधी

नमस्कार मंडळी! सर, बाई, पालक आणि समोर बसलेले सहाही संघ, ग्वाल्हेरच्या या स्पर्धेत सगळ्यांचं मनापासून स्वागत.

बझरवर बोट ठेवून बसलेल्यांना आधीच सांगतो: आज काही प्रश्न तुम्हाला येणार नाहीत. आणि मला त्याच क्षणांची सगळ्यात जास्त उत्सुकता आहे. उत्तर येत असलं की आपण ते बोलून मोकळे होतो. येत नसलं की डोकं कामाला लागतं, शेजारच्याशी कुजबुज होते, अंदाज बांधला जातो. खरी गंमत तिथेच!

एक उदाहरण देतो. १० म्हणजे ३ अधिक ७. २० म्हणजे ७ अधिक १३. दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या अशी दोन मूळ संख्यांची बेरीज असते का? गोल्डबाखनं १७४२ साली ऑयलरला लिहिलेल्या पत्रातून हा प्रश्न पुढे आला. पाचवीतल्या मुलालाही कळेल असा, पण आजवर कुणालाही तो सिद्ध करता आलेला नाही. किती छान ना!

आणि शून्य गुण मिळाले तर? आपल्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ चा शिलालेख आहे. त्यातल्या २७० या आकड्यात छोटंसं गोल शून्य कोरलंय. ते बघायला जगभरातून गणिती येतात. अजून पाहिलं नसेल, तर या रविवारी आईबाबांना घेऊन जाच.

नियम सोपे: विचाराला तीस सेकंद, चुकीच्या उत्तराला गुण कापणार नाही. प्रेक्षकांनी उत्तर ओरडायचं नाही, आजोबा तुम्हीसुद्धा!

‘अ’ संघ, माईक जवळ घ्या.