फुली दिसेनाशी व्हायला किती सेकंद? संहती आणि अभिक्रियेचा वेग, दहावीच्या प्रॅक्टिकलसाठी

मुलांनो, शनिवारच्या सकाळच्या शाळेत हा प्रयोग करायचाय. त्याआधी हे घरी एकदा नीट वाचून या, कारण लॅबमध्ये सांगत बसलो तर निम्मा तास तिथेच जातो. धड्यात विरल आम्ल आणि संहत आम्ल टाकून बुडबुडे बघायला सांगितलंय, ते बरोबरच आहे, पण त्यातून फक्त "इकडे जोरात, तिकडे हळू" एवढंच कळतं. मला तुमच्याकडून आकडे पाहिजेत. संहती निम्मी केली तर वेग निम्मा होतो का, की थोडाच कमी होतो, की काही वेगळंच होतं, हे तुम्ही स्वतः मोजून सांगायचं.

वापरायचंय सोडियम थायोसल्फेट. जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांना विचारा, ते याला हायपो म्हणतात, फोटो पक्का करायला लागायचं. यात हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की बारीक गंधक तयार होतं, पाणी आधी निळसर धुरकट होतं, मग दुधाळ, मग पिवळट.

Na2S2O3 + 2HCl → 2NaCl + SO2 + S + H2O

कागदावर काळ्या स्केचपेनने फुली मारायची, तिच्यावर बीकर ठेवायचा आणि वरून बघत राहायचं. फुली दिसेनाशी झाली की घड्याळ बंद.

सामान, एका गटाला (४ जण): १०० मिलीचा बीकर, ५० मिलीचे दोन मोजपात्र (एक थायोचं, एक पाण्याचं), आम्लासाठी १० मिलीचं वेगळं, थर्मामीटर, मोबाईलचं स्टॉपवॉच, फुलीचा कागद, चष्मे. थायोचं द्रावण ०.१ M: १२.४ ग्रॅम खडे पाण्यात विरघळवून एकूण ५०० मिली. तीनदा रीडिंग घेतलं की एका गटाला ४५० मिली लागतं, म्हणजे सांडायला फारसं नाहीये, जपून वापरा. आम्ल २ M, ते मीच करून ठेवतो, साधारण ८३ मिली पाण्यात १७ मिली संहत आम्ल. आधी पाणी मग आम्ल, उलटं कधीच नाही, आणि हे काम मुलांनी करायचं नाही.

पाणी बोअरचं नको. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, किटलीत पांढरा थर बसतो तो तुम्ही बघितलाच आहे, तेच क्षार थोडं आम्ल खाऊन टाकतात. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर आणलंय, सगळ्यांनी तेच वापरायचं.

काय बदलायचं, काय नाही

बदलायचं फक्त एकच, थायोची संहती. आम्ल दर वेळी ५ मिलीच, बीकर तोच, फुली तीच, बघणारा पण तोच, कारण प्रत्येकाची "आता दिसत नाही" वेगळी असते. थायो कमी कराल तितकं पाणी वाढवायचं, म्हणजे एकूण ५५ मिली कायम राहील. याचं कारण नीट समजून घ्या, इथेच बहुतेकांचं चुकतं. पाणी न टाकता नुसतं १० मिली थायो घेतलं तर बीकरात पाण्याची उंचीच कमी होते, मग तेवढीच फुली झाकायला गढूळपणा जास्त लागतो आणि वेळ भलताच येतो. उंची सारखी असेल तरच फुली झाकली गेली म्हणजे दर वेळी साधारण तेवढंच गंधक तयार झालं असं धरता येतं, आणि म्हणूनच १ भागिले वेळ हे वेगाचं माप म्हणून चालतं.

दुसरं, तापमान. आपल्या जळगावकडचा मार्च, सकाळी साडेसातला गार वाटतं आणि अकराला बाकं तापलेली असतात. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा अभिक्रियेचा वेग जवळपास दुप्पट होतो. मग तुम्ही ५० मिलीचं सकाळी घेतलं आणि १० मिलीचं उन्हं आल्यावर, तर तुम्ही संहती मोजताय की ऊन मोजताय तेच कळणार नाही! म्हणून सगळ्या बाटल्या एकाच बादलीतल्या पाण्यात ठेवायच्या, खिडकीजवळच्या बाकावर कोणी बसायचं नाही, आणि प्रत्येक रीडिंगआधी थर्मामीटर बघायचा.

कृती: बीकरात थायो आणि पाणी तक्त्याप्रमाणे घ्या, फुलीवर ठेवा. आम्ल एकदम ओता, त्याच क्षणी घड्याळ सुरू, बीकर दोनदा हलकेच फिरवा आणि परत फुलीवर ठेवा. तोंड बीकरावर वाकवून नाही बघायचं, थोडं लांबून. सल्फर डायऑक्साइड येतो, ठसका लागतो, दारं-खिडक्या उघड्या पाहिजेत, आणि ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी दाराजवळ बसून वेळ लिहायचं काम घ्यायचं. झालं की लगेच धुण्याच्या सोड्याच्या पाण्याच्या बादलीत ओता, बीकर ब्रशने घासून धुवा.

मी आदल्या दिवशी दोन मुलांना घेऊन करून बघितलं, त्याचं टेबल देतोय. द्रावण २८ अंशांवर होतं.

| थायो (मिली) | पाणी (मिली) | आम्ल (मिली) | मिश्रणात थायोची संहती (M) | वेळ १ (से.) | वेळ २ | वेळ ३ | सरासरी | १०००/वेळ |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| ५० | ० | ५ | ०.०९१ | २३ | २४ | २५ | २४ | ४१.७ |
| ४० | १० | ५ | ०.०७३ | २९ | ३० | ३१ | ३० | ३३.३ |
| ३० | २० | ५ | ०.०५५ | ३९ | ४१ | ४० | ४० | २५.० |
| २० | ३० | ५ | ०.०३६ | ६१ | ६० | ६२ | ६१ | १६.४ |
| १० | ४० | ५ | ०.०१८ | १२४ | ११९ | १२६ | १२३ | ८.१ |

२० मिलीला पहिल्यांदा ४८ आले होते. पोरगा बीकरावर वाकलेला, "गया सर, गया!" म्हणून ओरडला, आणि मलाही वाटलं काहीतरी गडबड आहे. बीकर उजेडाला धरून बघितला तर तळाला आधीच्या गंधकाचा पिवळट पापुद्रा तसाच होता, म्हणजे फुली आधीच अर्धी झाकलेली! ते रीडिंग खोडलं, बाजूला कारण लिहिलं, घासून परत घेतलं. वहीत ते खोडलेलं रीडिंग दिसलंच पाहिजे, पुसायचं नाही.

आता टेबल बघा. ४० वरून २० केलं तर ३० सेकंदांचे ६१ झाले, २० वरून १० केलं तर ६१ चे १२३. म्हणजे संहती निम्मी, वेग निम्मा. असं का, तर आयन एकमेकांना धडकले तरच अभिक्रिया होते. सारंगखेड्याच्या जत्रेत भर गर्दीत चालताना पावलोपावली कोणाचा तरी धक्का लागतो, आणि त्याच मैदानात माणसं निम्मी झाली की धक्केही कमी. फक्त एक लक्षात ठेवा, प्रत्येक अभिक्रियेत असं सरळ निम्म्याला निम्मं येतंच असं नाही, ते मोजूनच ठरवावं लागतं.

ग्राफ काढताना आडव्या अक्षावर संहती, उभ्यावर १०००/वेळ. रेघ पट्टीने सगळ्या बिंदूंमधून मधोमध जाईल अशी ओढा, बिंदूला बिंदू जोडत बसू नका. मग त्या रेघेवरून २५ मिली थायोला किती वेळ लागेल ते प्रत्येक गटाने आधी वहीत लिहायचं आणि मला दाखवायचं, त्यानंतरच २५ मिली थायो, २५ मिली पाणी घेऊन करून बघायचं. आमच्या रेघेवरून ४८ सेकंद निघाले होते, प्रत्यक्षात आले ४९.